टेनिसमध्ये ड्यूस झालं की काय बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून:
"४०-४० झालं की ड्यूस म्हणतात, मग कुणालातरी ॲडव्हांटेज मिळतं, आणि पुन्हा ड्यूस. गेम संपत का नाही?"

कारण गेम जिंकायला चार पॉइंट पुरत नाहीत, समोरच्यापेक्षा दोन पॉइंट जास्तही लागतात. १५, ३०, ४० ही एक, दोन, तीन पॉइंटची नावं आहेत. ४०-४० म्हणजे दोघांचे तीन-तीन झाले. आता पुढचा पॉइंट कुणीही घेतला तरी फरक एकाचाच राहणार, म्हणून गेम मिळत नाही, ॲडव्हांटेज मिळतं. त्याच खेळाडूने लगेच दुसरा पॉइंट घेतला तर गेम त्याचा. हरला तर फरक शून्य, म्हणजे पुन्हा ड्यूस. ड्यूसनंतर एकूण पॉइंट किती झाले हे फलकावर दिसतच नाही. कोण एकाने पुढे आहे, की कुणीच नाही, एवढंच दिसतं.

ॲडव्हांटेज कुणाला आहे, हे मात्र नीट बघा. पंच त्या खेळाडूचं नाव घेऊनच सांगतात. सर्व्हिस करणाऱ्याला असेल तर तो आपला गेम राखायला एका पॉइंटवर आहे, आणि मोठ्या स्पर्धांमध्ये बहुतेक वेळा असंच होतं. समोरच्याला असेल तर तो ब्रेक पॉइंट, म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याचा गेम हिसकावून घेण्याची संधी. मग पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली की प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते, कारण दुसरी सर्व्हिस सहसा हळू येते आणि ती परतवणं सोपं असतं.

आवाज बंद करून सामना बघत असाल तरी हे कळतं. ड्यूसचा पॉइंट नेहमी सर्व्हिस करणाऱ्याच्या उजव्या बाजूने सुरू होतो आणि ॲडव्हांटेजचा डाव्या. प्रत्येक पॉइंटनंतर बाजू बदलते, आणि ड्यूसला झालेले पॉइंट कायम सम असतात. खेळाडू आणि प्रशिक्षक कोर्टाच्या या दोन बाजूंना ड्यूस कोर्ट आणि ॲड कोर्ट असंच म्हणतात. ब्रेक पॉइंट बहुतेकदा डाव्या बाजूला येतात (१५-४० चा तेवढा उजव्या बाजूचा). त्यामुळे डावखुऱ्या खेळाडूची बाहेर वळणारी सर्व्हिस नेमकी अडचणीच्या वेळी त्याच्या कामी येते. उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला ती बॅकहँडच्याही पलीकडे ओढून नेते.

हे किती लांबू शकतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण १९९५ च्या विम्बल्डन महिला अंतिम सामन्यातलं. स्टेफी ग्राफ विरुद्ध अरांत्सा सांचेझ व्हिकारियो, तिसरा सेट, ५-५, सर्व्हिस सांचेझ व्हिकारियोची. त्या एका गेममध्ये तेरा वेळा ड्यूस झालं. गेम वीसेक मिनिटं चालला आणि त्यात ३२ पॉइंट खेळले गेले. हिशोब तुम्हीही करून बघा: पहिल्या ड्यूसपर्यंत ६ पॉइंट, पुढच्या प्रत्येक ड्यूसला २ याप्रमाणे १२ वेळा २४, आणि शेवटचे सलग २. म्हणजे पहिल्या ड्यूसनंतरच बारा वेळा कुणीतरी गेमपासून एका पॉइंटवर होतं आणि बारा वेळा तो पॉइंट हातचा गेला. तेराव्या ड्यूसनंतर ग्राफने दोन्ही पॉइंट घेतले, ब्रेक मिळवला, आणि पुढचा गेम राखून सेट ७-५ असा, म्हणजे विजेतेपदच, जिंकलं. त्या गेमचा निकाल उलटा लागला असता तर ग्राफला सामन्यात टिकण्यासाठी सर्व्हिस करावी लागली असती.

दोन पॉइंटच्या फरकाची अट मला न्याय्य वाटते. समजा सर्व्हिस करणारा शंभरातले साठ पॉइंट जिंकतो. ड्यूसला एकाच पॉइंटवर निकाल लावला तर गेम त्याला मिळण्याची शक्यता साठ टक्के. सलग दोन घ्यायचे असतील तर तीच शक्यता जवळपास ६९ टक्क्यांवर जाते. म्हणजे एखादा चेंडू नेटला लागून पलीकडे पडला, एवढ्याने गेम फिरत नाही. चांगलं खेळणाऱ्याला सावरायला जागा मिळते.

आणखी एक बारकावा, जो कळला की सामना बघण्याची मजा वाढते. ३०-३० ला कुणी ड्यूस म्हणत नाही, पण स्थिती अगदी तीच असते: इथूनही जो सलग दोन घेईल त्याचा गेम. तसंच ४०-३० म्हणजे सर्व्हिस करणाऱ्याला ॲडव्हांटेज आणि ३०-४० म्हणजे समोरच्याला. म्हणून ड्यूसची घोषणा होईपर्यंत थांबू नका, ३०-३० लाच खुर्चीत सरसावून बसा.

पुरुषांच्या एटीपी टूरवर दुहेरी बघायला बसलात तर मात्र गोंधळ होईल. तिथे ॲडव्हांटेज नाही. ४०-४० झालं की एकच पॉइंट खेळतात आणि तो जिंकणाऱ्या जोडीला गेम मिळतो. सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची, हे परतवणारी जोडी ठरवते. त्या दोघांची आपसातली कुजबुज बघा, बहुतेक वेळा ज्याचा रिटर्न जास्त भरवशाचा असतो तोच पुढे येतो.