बसवतो

आज पहाटे, इंदूर जागं व्हायच्या आत, बायबलमधल्या स्तोत्र 23 मधलं एकच वचन तीनदा सावकाश, मोठ्याने वाचलं: “तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो.” बाराव्या शतकातल्या ग्विगो या मठवाशाने वचनासोबत प्रार्थना करण्यासाठी सांगितलेल्या चार पायऱ्यांतली ही पहिली, वाचन.

‘बसवतो’वर अडले. मग मनन: तोच शब्द घोळवत राहिले. मी बसत नाही, तो बसवतो. आईच्या आजारपणात महिनाभर मी बसलेच नाहीये. मध्येच इतरांना सांगायचे मुद्दे सुचू लागले. तसं झालं की मनन सुटलं समजावं आणि पुन्हा वचनाकडे यावं.

प्रार्थना एवढीच आली: “प्रभू, मला बसव.”

चौथी पायरी ध्यान. तिथे शब्दही सोडायचा. दोनच मिनिटं जमलं. चहा निवला होता.