काचेमागचा आवाज आणि आमचे काका

अजून राग गेलेला नाही म्हणून लिहितोय. गोष्ट नोव्हेंबरातली, हयातीच्या दाखल्याची. पण आधी गणपतीतलं सांगतो, कारण त्या दिवशी बँकेत मला जे सुचलं ते गणपतीत काकांकडून खाल्लेल्या शिव्यांमुळे.

काका तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले. घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. या दुखण्यात आधी कडेचं दिसेनासं होतं आणि समोरचं शाबूत राहतं, त्यामुळे बरीच वर्षं त्यांनाच पत्ता नव्हता. गेलेली नजर तर परत येत नाही. आता दारात कोणी उभं राहिलं तर उजेड अडला एवढं त्यांना कळतं. कोण ते कळत नाही.

तर गणपतीला रात्रभर एसटीत बसून मी खळ्यात उतरलो. काका पडवीत खुर्चीवर, हातात चहाची बशी. मी जाऊन गपकन वाकलो आणि पायांना हात लावला. काकांनी दचकून पाय वर घेतले, बशी खाली, चहा माझ्या डोक्यावर.

“कोण मरे तो? तोंडात जीभ नाय तुझ्या?”

“काका, मी बाळ्या.”

“कोणतो बाळ्यो? हय चार बाळ्ये आसत.”

आहेतच. एक वरच्या वाडीतला, एक होडीवरचा, एक शेजारचा आणि एक मी, डोंबिवलीचा. आवाजावरून ओळखतील असं मी धरून चाललो होतो. वर्षातून एकदा तोंड दाखवणाऱ्या पुतण्याचा आवाज, तोही रात्रभराच्या गार वाऱ्यानं बसलेला, कशाला लक्षात राहील? आणि हात जोडले काय, वाकलो काय, आपल्या नमस्काराला मुळात आवाजच नसतो. वय बावन्न झालं माझं, आणि नमस्काराचं हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या मागून चुलतभाऊ आला. त्यानं काकांच्या खांद्यावर थाप मारून “ओळखा बघू मी कोण!” केलं. काका म्हणाले, “परीक्षा माझी कित्याक घेतंस? तुका दिसता मा, मग तूच सांग.” पुढचे पाच दिवस तो काकांच्या वाटेला गेला नाही.

मी मात्र शिकलो, थोडा चुकत चुकत. दुसऱ्या दिवशी बाहेर माटवावर पाऊस ताड ताड वाजत होता, आत आरतीच्या झांजा. मी म्हटलं, “काका, मी डोंबिवलीचा बाळ्या, डाव्या बाजूला उभा आहे.” काका डावीकडे वळले आणि खांबाशी बोलायला लागले. मी माझ्या डाव्या बाजूचं बोललो होतो. समोरासमोर उभं असताना माझं डावं म्हणजे त्यांचं उजवं. तेव्हापासून बाजू नेहमी त्यांच्या अंगावरून सांगतो: “तुमच्या उजव्या हाताला, खुर्चीला टेकून.” “तुमच्या समोर, दोन पावलांवर.” “इथे आहे” म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण “इथे” हा शब्द बोटाशिवाय लंगडा.

आधी मला वाटायचं, नाव सांगितलं की झालं, जागा कशाला? आवाज येतो त्या दिशेला माणूस वळेलच. शांत पडवीत वळतोही. पण कान दिशा कशी काढतात ते बघा. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ आधी पोचतो आणि किंचित मोठा लागतो, त्यावरून बाजू ठरते. नेमकं समोरून किंवा नेमकं मागून आलेला आवाज दोन्ही कानांना सारखाच पोचतो, म्हणून पुढचं-मागचं फसतं. मान जराशी वळवली की उलगडतं, पण तेवढा वेळ आवाज चालू तर हवा. नुसतं “काका!” म्हणून गप्प बसलात तर मान वळेपर्यंत आवाज संपलेला असतो. नाव आणि जागा सांगायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात त्यांचा चेहरा बरोबर तुमच्याकडे येतो. पत्र्यावर पाऊस असेल, भिंतींवरून आवाज परत येत असेल, तर कानांच्या भरवशावर राहूच नये, तोंडानं जागा सांगावी.

आणि सुरुवात त्यांना हाक मारून करायची. “मी बाळ्या” असं आधी म्हटलं तर कुणाला म्हटलं ते कळत नाही, काकांना वाटतं शेजारच्याशी चाललंय.

आता बँक. नाव घेत नाही. तालुक्याच्या गावातली, पहिल्या मजल्यावरची, खाली मेडिकलचं दुकान असलेली. नोव्हेंबरात सगळे पेन्शनर हयातीची सही करायला एकदमच येतात. आम्ही साडेदहाला पोचलो. जिना चढताना काकांनी माझा दंड कोपराच्या वर धरला होता आणि ते अर्धं पाऊल मागून येत होते. (हेही सांगून ठेवतो, आपण त्यांना धरून पुढे ढकलायचं नाही. “काका, माझा कोपर तुमच्या उजव्या हाताशी आहे” म्हणायचं, त्यांना धरायचं असेल तर ते धरतील.) त्यांना बाकावर बसवलं आणि मला आठवलं की आधारची झेरॉक्स राहिली. मी खाली पळालो.

इथे मी घाण केली. बँकेवर राग आहेच, पण ही माझी. जातो म्हणून सांगितलंच नाही. वर आलो तर काका रिकाम्या जागेकडे तोंड करून यंदाच्या भातकापणीचं सांगत होते, समोरच्या बाकावरची दोन माणसं तोंडावर हात ठेवून हसत होती. म्हणजे येताना जसं सांगायचं तसं जातानाही सांगायचं: “काका, मी झेरॉक्सला खाली जातोय, तुमच्या डाव्या बाजूची जागा आता रिकामी.” येतानाचं मी घोकून ठेवलं होतं, जातानाचं कुणी शिकवलं नव्हतं.

पावणेबाराला नंबर लागला. काउंटरवर काच, काचेला खाली कागद सरकवायची फट. आतल्या बाईंच्या तोंडापुढे माइक आणि त्याचा स्पीकर बाहेर, काचेच्या वर डाव्या कोपऱ्यात, छताला लागून. शेजारी नोटा मोजायचं मशीन फडफडतंय. बाई म्हणाल्या, “हां, बोला.”

काका छताकडे बघून म्हणाले, “कोण बोलता?”

“पुढे या, पुढे या.” आवाज वरून डावीकडून. काका डावीकडे सरकले. तिथे पासबुक छापायचं मशीन, त्याला काठी लागली. “तिकडे नाही हो, इकडे!” काका आणखी डावीकडे. कारण “इकडे” पण त्याच स्पीकरमधून येत होतं. मागे रांगेत कुणीतरी “अरे देवा” केलं.

मग बाईंनी काकांना सोडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “यांचं नाव काय? यांना सही येते का? की अंगठा घेऊ?” सदतीस वर्षं ज्या माणसानं सातबाऱ्याच्या नोंदी लिहिल्या त्याच्याबद्दल हे, त्याच्यासमोर, छतातून. काकांच्या मानेची शीर ताठली ती मला दिसली. मी म्हटलं, “त्यांनाच विचारा.” बाई म्हणाल्या, “विचारलं की, त्यांचं लक्षच नाही.” आणि खिडकीवर पाटी ठेवून उठल्या. जेवणाची वेळ.

पाऊण तास आम्ही उभे. मी वाटेल ते बोललो असतो, पण बाई वाईट नव्हत्या, हे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. त्यांना स्वतःचा आवाज समोरूनच जातोय असं वाटत होतं. स्पीकर काचेच्या बाहेर, आम्हाला बाईंचे ओठ दिसतात म्हणून आपण तो आवाज ओठांना चिकटवून टाकतो. काकांसाठी बाई छतातच होत्या.

बाई आल्या तसा मी फटीपाशी वाकलो. म्हटलं, “मॅडम, दोन मिनिटं माइक बंद करा. फटीतून बोला. आधी ‘काका’ म्हणा, मग तुमचं नाव, मग कुठे बसलाय ते. आणि काउंटरवर शिक्क्यानं दोनदा वाजवा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, हा वेडा आहे का असं. पण माइकचं बटण दाबलं.

टक टक. “काका, मी इथली पेन्शनची क्लार्क,” आणि त्यांनी आडनाव सांगितलं. “मी तुमच्या अगदी समोर बसलेय, काचेच्या पलीकडे. मी वाजवतेय तिथे लाकडी फळी आहे, त्यावर हात ठेवा.”

काकांनी हात पुढे केला, फळी लागली, चेहरा खाली आला आणि बरोबर बाईंच्या तोंडासमोर थांबला. “नमस्कार,” काका म्हणाले, अगदी ऑफिसातल्या आवाजात. पुढचं सगळं चार मिनिटांत. खिशातून त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा काढला, त्याला सहीच्या रुंदीची खिडकी कापलेली आहे. बाईंनी ती यादीवरच्या रकान्यावर नेमकी बसवली आणि “तुमचं बोट खिडकीच्या डाव्या काठावर आणतेय” म्हणून सांगितलं. काकांची सही अजून वळणदार आहे, शेवटच्या अक्षराचा फराटा पुठ्ठ्यावर जातो तेवढाच.

आम्ही निघताना बाई म्हणाल्या, “झालं काका, मी आता पुढचा नंबर घेते.” हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

रिक्षात काका गप्प होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, “बाय बरी होती. पण पयल्यांदा आभाळात कित्याक बसली होती?”

एक राहिलंच. तुमच्याबरोबर आणखी कोणी असेल तर त्यांचीही नावं आणि जागा सांगा, आणि प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं एक शब्द तरी बोलू दे. मी “हा माझा मुलगा” म्हटलं आणि मुलगा मोबाईलमध्ये, तर काकांनी हात पुढे केला तो तसाच हवेत. हात मिळवायचा असेल तर “हात पुढे करतोय” म्हणा, नाहीतर तुमचाही असाच राहील.

यंदा परत गेलो. त्या बाई बदलून गेल्यात, खिडकीत नवा मुलगा. स्पीकर आहे तिथेच. त्यानं तोंड उघडायच्या आत काकांनीच काठीनं फळी शोधली, तिच्यावर टकटक केलं आणि म्हणाले, “मी पेन्शनर, तुझ्या समोर उभो आसंय. आता तू सांग, तू खंय बसलंस?”