इप्पत्त की एप्पत्त

मी बेळगावात गाड्यांची भाडी जुळवतो. गोव्याहून माल घेऊन आलेला टेम्पो परत जाताना रिकामा पळतो, आणि इथला भाजीवाला गोव्याला माल पाठवायला गाडी शोधत असतो. दोघांची गाठ फोनवर घालून द्यायची आणि छोट्या गाडीमागं 200, पिकअपमागं 300 रुपये घ्यायचे. दुकान नाही, गाडी नाही. दिसत नसताना कोणता धंदा जमेल, असं घरात चाललं होतं तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की एकदा ऐकलेला आवाज आणि नंबर मी विसरत नाही.

धंद्याचा फोन बटणांचा आहे. 5 वर उंच टिंब असतं, त्याच्या अंदाजानं नंबर झटकन लागतो. टच फोनवर टॉकबॅक एकेक नाव वाचेपर्यंत ड्रायव्हर दुसऱ्याचं भाडं धरतो. तो फोन व्हॉट्सअ‍ॅप आणि पैशासाठी. पैसे पाठवल्याचा फोटो कुणी टाकला तर टॉकबॅकला तो नीट वाचता येतोच असं नाही, आणि वाचला तरी मी मानत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक ऐकतो, मगच हो म्हणतो.

पण खरी पाठांतराची गोष्ट नंबर नाहीच. कोणती गाडी किती वाजता कुठं रिकामी होणार, हे डोक्यात लागतं.

त्या दिवशी दुपारी हुक्केरीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. मागं मोटर चालू, वारा सुटलेला. टोमॅटो म्हापशाला, पहाटेच्या बाजाराला. किती कॅरेट? "इप्पत्त," असं मला ऐकू आलं. कन्नडमध्ये इप्पत्त म्हणजे वीस. भरलेलं कॅरेट मी 25 किलो धरतो, म्हणजे 500 किलो. छोटा हत्ती साडेसातशेपर्यंत निवांत नेतो. एका छोटा हत्तीवाल्या पोराला पाठवून दिलं आणि चहा घेतला.

साडेचारला त्याच पोराचा फोन. "मामा, हितं सत्तर कॅरेट हाईत की! काय करायचं सांगा."

एप्पत्त म्हणजे सत्तर. एका स्वराचा फरक, तो मोटरीनं खाल्ला. म्हणजे 1750 किलो माल बांधावर आणि दारात छोटा हत्ती. शेतकरी मागून ओरडत होता, सगळा भरा, माझ्या माणसाचा हत्ती तर टनभर ओढतो. सपाटीवर ओढतही असेल. पण गोव्याकडं जाताना चोर्ला घाटाचा उतार रात्री, जादा वजनानं, ब्रेक तापवत उतरायचा; त्याला मी हो म्हणत नाही. पोराला म्हटलं, "पंचवीस भर आणि थांब."

उरली पंचेचाळीस कॅरेट, सव्वाअकराशे किलो. पिकअप लागणार. सकाळपासून ऐकलेले फोन मनात परत लावले. एक पिकअप कॅम्पात उतरली होती, पण ती मासळीची. रिकामी असली तरी टोमॅटोला वास लागतो, व्यापारी माल नाकारतो. दुसऱ्याला मीच खानापूरचं भाडं दिलं होतं. तिसरा नारळवाला. अकराला बोलला होता, "चारला रिकामा होतो, मग ब्रेक दाखवून निघतो." मेस्त्री कुणाला अर्ध्या तासात सोडत नाही. नंबर लावला, मागं पान्याचा खणखणाट. गडी तिथंच होता.

"अण्णा, हुक्केरी म्हणजे उलटं पन्नास किलोमीटर," तो म्हणाला. वर 1500 मागितले. खरंच होतं त्याचं. शेतकऱ्यावर ते टाकता येत नव्हते, कारण आकडा परत म्हणून घेतला नाही तो मी. 1500 मी दिले. दलाली दोन्ही गाड्यांची मिळून पाचशे, म्हणजे त्या दिवशी हजाराचा खड्डा. पिकअप साडेसहाला पोचली, रात्री दोन्ही गाड्या एकामागं एक घाट उतरल्या.

शेतकऱ्याला वाटलं मला कन्नड येत नाही. त्याचं मला 1500 पेक्षा जास्त लागलं. माझं अर्धं आयुष्य कन्नड बोलणाऱ्या गल्लीत गेलंय.

तेव्हापासून आकडा सुटा करून घेतो. सत्तर नाही, "एळु, सोन्ने": सात, शून्य. वीस असेल तर "एरडु, सोन्ने". मग तेच मराठीत आणि कन्नडमध्ये, गाव आणि वेळेसकट, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ड्रायव्हर आणि मालक दोघांना पाठवतो. डोक्यातलं मला पुरतं, पण भांडण झालं तर ते दुसऱ्याला ऐकवता येत नाही. आणि माल कितीही असो, पहिल्यांदा विचारतो, "मोटर बंद करता का जरा?"

परवा त्याच शेतकऱ्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "अण्णा, मोटर बंद केलीय," म्हणाला. "एळु. सोन्ने."