आमची वाटचाल : वहीतला अंदाज आणि शीटमधली सरासरी

आमचा भाजणी-मसाल्यांचा घरगुती उद्योग सासूबाईंनी सुरू केला. साताऱ्यात घराच्या मागच्या पडवीत एक भट्टी होती आणि गल्लीतल्या गिरणीशी ठरलेली वेळ. आज बावीस प्रकारची पाकिटं निघतात आणि पाच जणी कामावर आहेत. पण पुढच्या महिन्यात कशाचे किती घाणे काढायचे, हे परवापरवापर्यंत आईंच्या बोटांवर ठरत होतं. "मेतकूट या महिन्यात जरा जास्त धरू गं," असं त्या म्हणायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

बहुतेक वेळा. २०२५च्या मार्चमध्ये उपवास भाजणीचा डबा उघडला तर खवट वास. चाळीस किलो माल टाकून द्यावा लागला. त्याच आठवड्यात थालीपीठ भाजणी संपली म्हणून गिऱ्हाइकं परत जात होती. त्या रात्री मी बिलं काढून बसले आणि एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ असे बारा महिने, एका ओळीत एक जिन्नस, एका रकान्यात एक महिना, असं सगळं शीटमध्ये भरलं. आकडे रुपयांत नाहीत, पाकिटांत. मधे भाव वाढले की रुपयांची विक्री फुगलेली दिसते, आणि भट्टीला तर किलोच कळतात.

सूत्र अगदी साधं आहे. B ते M हे बारा महिने, आणि पुढच्या महिन्याचा अंदाज म्हणजे शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी :

```
=AVERAGE(K2:M2)
```

तीनच महिने का, सहा का नाहीत? त्यासाठी मागचेच महिने पुन्हा खेळून पाहिले. ऑक्टोबर आला नाही असं समजायचं, त्याआधीच्या महिन्यांवरून अंदाज काढायचा आणि खऱ्या विक्रीशी ताडायचा. ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने दोन्ही रीतींनी तपासले. थालीपीठ भाजणीत तीन महिन्यांची सरासरी महिन्याला सरासरी १६ पाकिटांनी चुकली, सहा महिन्यांची १९ने. मेतकुटाला दोन्ही सारख्याच. म्हणून तीन. शिवाय ही १६ची चूक फुकट गेली नाही, अंदाजावर तेवढीच पाकिटं जास्तीची धरायची असं ठरलं. मग त्यातून शिल्लक वजा करायची आणि घाण्यात बसवायचं. आमचा एक घाणा वीस किलोचा, म्हणजे अर्ध्या किलोची चाळीस पाकिटं. १७९ पाकिटं हवीत तर साडेचार घाणे होत नाहीत, चार तरी नाहीतर पाच तरी.

सुरुवातीला एक गंमत झाली. सीलिंग मशीन बिघडलं त्या महिन्यात कारळ्याची चटणी निघालीच नव्हती, तिथे मी शून्य लिहिलं. त्यामुळे सरासरी एकदम खाली आली. AVERAGE रिकामा चौकोन सोडून देतं, पण शून्य मोजतं. माल केला आणि विकला गेला नाही तर शून्य, माल केलाच नाही तर चौकोन रिकामा, हे तेव्हापासून पक्कं.

सहा-सात महिने सगळं सुरळीत चाललं आणि मी जरा शेफारलेच. मग दिवाळी आली. २०२५ला ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, त्यामुळे सप्टेंबरपासून भट्टी चकली भाजणीनेच अडवून ठेवलेली. थालीपीठ भाजणीचे घाणे कमी निघाले आणि नोव्हेंबरात माल १६ तारखेला संपला. पुढे महिनाअखेरपर्यंत पाकीटच नाही. शीटमध्ये मी इमानदारीने विक्री लिहिली : ११८.

सप्टेंबर २१२, ऑक्टोबर १९६, नोव्हेंबर ११८. सरासरी १७५. घरात जागा नव्हती म्हणून जास्तीची १६ही मी सोडून दिली आणि डिसेंबरला चार घाणे काढले, १६० पाकिटं. ती २२ तारखेला संपली. पुन्हा इमानदारीने १६० लिहिले. जानेवारीचा अंदाज आला १५८.

इथे आई खुर्चीवरून म्हणाल्या, "अगं, थंडीत थालीपीठं कमी खातात होय लोक?" मी शीटकडे बघत राहिले. गिऱ्हाइक कमी झालं नव्हतं. कमी झाला होता आमचा माल. कमी केलं म्हणून कमी विकलं, कमी विकलं म्हणून सरासरी उतरली आणि त्या सरासरीवर बोट ठेवून मी आणखी कमी करायला निघाले होते. अशीच चालले असते तर आणखी चार महिन्यांत शीटने मला थालीपीठ भाजणी बंदच करायला सांगितली असती, आणि आकडे सगळे खरे असते.

आता प्रत्येक महिन्याशेजारी "संपल्याची तारीख" असा एक रकाना आहे. माल मधेच संपला असेल तर विक्रीला विक्रीच्या दिवसांनी भागायचं आणि महिन्याच्या दिवसांनी गुणायचं :

```
=ROUND(118/16*30,0)
=ROUND(160/22*31,0)
```

नोव्हेंबर २२१, डिसेंबर २२५. ऑक्टोबरचे १९६ धरून जानेवारीचा अंदाज २१४ झाला. प्रत्यक्षात २१९ गेली. हा हिशेबही अगदी काटेकोर नाही. पगार झाल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्याकडे गर्दी असते, त्यामुळे माल लवकर संपला तर आकडा थोडा जास्त येतो. पण ११८ पेक्षा तो खऱ्याच्या कितीतरी जवळ असतो. सरासरी या सुधारलेल्या आकड्यावर काढायची, खरी विक्री वेगळ्या ओळीत तशीच ठेवायची. दोन्ही एकात मिसळले की जीएसटीच्या वेळी डोकं फिरतं.

उलटा प्रकार गोड्या मसाल्याचा. यंदा जानेवारीत ८४, फेब्रुवारीत ८८ आणि मार्चमध्ये १७१, कारण एका लग्नघराने आहेराच्या पिशव्यांत घालायला ८० पाकिटं नेली. तशीच सरासरी ११४ येते, ती ८० काढली की ८८. एकदाच येणारं गिऱ्हाईक वेगळ्या ओळीत.

चकली भाजणी मात्र या सूत्रातून काढून टाकली. पावसाळ्यात महिन्याला वीस-तीस पाकिटं जातात, त्यावरून दिवाळीचा अंदाज काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आणि दिवाळी संपल्यावर तीच सरासरी डिसेंबरात डोंगराएवढा माल करायला सांगते. बारा महिन्यांत दिवाळी एकदाच येते, तिची सरासरी कशाशी करणार? तिथे मागच्या दिवाळीचा आकडा आणि यंदाची तारीख, एवढंच.

आता एप्रिल संपत आला आहे. अनारसे पिठाचा मेचा अंदाज शीटमध्ये आहे १४ पाकिटं. कालच आईंनी जुनी वही आणून टेबलावर ठेवली. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे जावयांना अनारशांचं वाण. मागचा अधिक मास २०२३चा, श्रावणातला. माझ्या शीटचे बारा महिने तिथवर पोचतच नाहीत. वहीत जुलै २०२३च्या पानावर आईंच्या अक्षरात लिहिलंय : "अनारसे पीठ १९०. पुरलं नाही." तांदूळ तीन दिवस भिजवावा लागतो, तेव्हा पुढच्या आठवड्यात पातेली काढायची आहेत.