डावीकडचा चौपट आकडा

अठ्ठेचाळीस वर्षांचे ट्रकचालक. चार औषधांवरही बीपी १७०च्या खाली येत नव्हतं आणि पोटॅशियम २.८. स्पायरोनोलॅक्टोनने दोन्ही ताळ्यावर आलं, पण ते कावले होते. "साहेब, गोळीनं छाती दुखती. शर्ट घासला तरी कळ येती. त्यापेक्षा कापून टाका."

कापायचं कुठलं, हाच तर प्रश्न होता. बीपी चढवणारं आणि पोटॅशियम उतरवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मूत्रपिंडावरच्या दोन अॅड्रिनल ग्रंथींपैकी एकीतूनच उतू जात असेल, तर ती काढायची. दोन्हींतून येत असेल, तर जन्मभर गोळी. सीटीत डावीकडे १४ मिलिमीटरची गाठ होती आणि उजवी ग्रंथी स्वच्छ, त्यामुळे सर्जनचं मत तयार होतं. पण या वयात काहीही न करणाऱ्या गाठी सर्रास सापडतात, म्हणून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त काढायचं काम माझ्याकडे आलं.

स्पायरोनोलॅक्टोन सहा आठवडे बंद केली आणि तोवर व्हेरापामिल व प्राझोसिन दिलं. पोटॅशियम कमी असलं की अल्डोस्टेरॉन दबतं आणि सगळे आकडे फसतात, म्हणून पोटॅशियमचं ते कडवट सिरप रोज घ्यायला लावलं. इथवरचं काम मॅडमनी, आमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी, चोख केलं होतं.

डावी शीर सोपी असते. ती मूत्रपिंडाच्या शिरेत उघडते, सिमन्स कॅथेटर आपणहून तिथे जातो. उजवी मात्र जेमतेम सेंटिमीटरभर लांब, दोन-तीन मिलिमीटर रुंद आणि थेट महाशिरेच्या मागच्या भिंतीत शिरणारी. कोब्रा कॅथेटरच्या टोकाने ती भिंत चाचपत बसायचं, कुठे अडकल्यासारखं वाटलं की थेंबभर डाय सोडायचा. जोरात सोडला तर शीर फुटते आणि ग्रंथीत रक्तस्राव होतो. त्या दिवशी पाऊण तासाने कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र उमटलं. मी खूश झालो. रक्त थेंबाथेंबाने बाटलीत उतरू दिलं, कारण जोरात ओढलं की शीर मिटते.

आमच्या लॅबचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी येतो. तोवर पेशंट घरी आणि मी पुढच्या केसमध्ये. अल्डोस्टेरॉन डावीकडे १६०, उजवीकडे ४०, हाताच्या शिरेत ३६. सर्जनचा फोन आला, "डावीकडे चौपट आहे, गाठही डावीकडेच. आता अजून काय पाहिजे?"

कॉर्टिसॉल पाहिजे होतं. ते दोन्ही ग्रंथी तयार करतात, त्यामुळे कॅथेटर खरंच ग्रंथीच्या शिरेत होता का, हे तेच सांगतं. हाताच्या रक्तात ते १२ होतं, डावीकडे १८०. आणि माझ्या लाडक्या उजव्या नमुन्यात फक्त १४. बाहेरून उत्तेजक इंजेक्शन न देता नमुना घेतला असला, तरी आकडा हाताच्या किमान दुप्पट हवा. मी यकृताच्या एका छोट्या शिरेत बसलो होतो.

मी "अनिर्णित" लिहून मोकळा होणार होतो, तेवढ्यात मॅडमनी कागदावर भागाकार केले. डावीकडे अल्डोस्टेरॉन भागिले कॉर्टिसॉल ०.९, हातात ३. म्हणजे डाव्या ग्रंथीतून येणारं रक्त, कॉर्टिसॉलच्या तुलनेत, हाताच्या रक्ताहूनही अल्डोस्टेरॉनला गरीब. ती ग्रंथी गप्प बसली होती, चौपट आकडा नुसता तिथल्या दाट रक्ताचा होता. उरलेलं अल्डोस्टेरॉन येणार कुठून? जिथे मी पोहोचलोच नव्हतो, तिथून.

पण एवढ्यावर उजवी ग्रंथी काढा म्हणायचं धाडस कुणाला होईना. दुसऱ्यांदा झोपवताना पेशंटची बोलणी खाल्ली, ती रास्तच होती. या वेळी मी सीटीचे एक मिलिमीटरचे काप घेऊन शिरेचं तोंड आधी शोधून ठेवलं. लॅबमधल्या पोराला विनवलं की कॉर्टिसॉल लगेच लाव, आणि जांघेतली नळी तशीच ठेवून तासभर वाट पाहिली. उजवीकडे कॉर्टिसॉल २०० आलं. मगच नळी काढली.

तीन दिवसांनी अल्डोस्टेरॉन आलं: उजवीकडे ३६००, डावीकडे १२०. भागाकार १८ विरुद्ध ०.८. शस्त्रक्रियेसाठी चौपट पुरतं, इथे बावीसपटीहून जास्त फरक होता.

सर्जननी दुर्बिणीतून उजवी ग्रंथी काढली. आत सात मिलिमीटरची पिवळी गाठ होती. पोटॅशियम आता औषधाविना ४.२ आहे, बीपीची एकच गोळी उरली आहे. डावीकडची १४ मिलिमीटरची गाठ आहे तिथेच आहे, आणि पेशंट दर वेळी विचारतात, "ती कधी काढणार?"

पहिल्या दिवसाचं ते जाळ्याचं चित्र माझ्या फोनमध्ये आहे. आता बघितलं की वरच्या कोपऱ्यात यकृताकडे वळलेली एक बारीक फांदी स्पष्ट दिसते. ती तेव्हाही तिथेच होती.