घाणा पुण्याचा, जवस घरचा

«भाऊ, पुण्यात लाकडी घाण्याचं तेल एवढं महाग असूनही खपते. आपल्याकडं ज्यानं-त्यानं घाणा टाकला अन् बंद केला. तुमचा कसा काय चालू हाय?»

माझाही पहिल्या पाच महिन्यांत बंदच पडत आला होता. चाकणला नोकरीत असताना एका मित्राचा घाणा मी जवळून पाहिला होता. त्याचं गणित सोपं होतं. लिटरची काचेची बाटली, पाच लिटरचा कॅन, महिन्याच्या एक तारखेला व्हॉट्सअॅपवर ऑर्डर आणि दोन दिवसांत घरपोच माल. पगार महिन्याचा म्हणून किराणाही महिन्याचा. मी तेच उचलून उमरेडच्या पुढच्या आमच्या गावात आणलं. तीन हॉर्सपॉवरची मोटर, लाकडी उखळीचा घाणा, शंभर बाटल्या आणि छापलेली लेबलं.

दहा किलो शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण सव्वाचार किलो तेल निघतं. दाणे, मजुरी, वीज आणि बाटली धरून मला लिटर ३४० रुपयांच्या खाली देणं परवडत नव्हतं. शेजारच्या दुकानात सोयाबीन तेलाची पिशवी निम्म्याहून कमी भावात मिळत होती. पण भाव हे अर्धंच कारण होतं. आमच्याकडे धानकापणी, निंदण, वेचणी सगळी रोजंदारीची कामं, आणि चुकारा बाजाराच्या दिवशी हाती पडतो. बाई बाजारात येते ती आठ दिवसांचं तेल न्यायला, पावभर किंवा फार तर अर्धा किलो. तिच्यापुढे ३४० रुपयांची बाटली ठेवली की ती हातात घेऊन बघते, लेबल वाचते आणि परत ठेवते. मी हे शुक्रवारामागून शुक्रवार पाहिलं. सुटं मोजून द्यावं तर तेही नाही, कारण सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं बंदी आहे. मग शंभर मिलीच्या छोट्या बाटल्या भरल्या. त्या थोड्या खपल्या, पण त्यात तेलापेक्षा बाटली-झाकणाचाच खर्च टोचायचा.

होळीच्या सुमारास एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन आली. म्हणाली, «भाऊ, हे बाटलीतलं मले नको. माया घरचा जवस हाय, काढून देता काय?» आमच्या भागात उभ्या धानात, कापणीआधीच, ओलीवर जवस फेकतात. त्याला उतेरा म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो घरात येतो, थोडा बाजारात जातो, उरलेला कणगीत पडून राहतो. पूर्वी तेली घाण्यावर तो काढून मिळायचा. घाणे गेले, जवस राहिला. मी म्हटलं, काढून देतो, पण किती घेऊ ते मलाच माहीत नव्हतं. तीच म्हणाली, «पैसे नाय देत, ढेप ठेवून घ्या.»

त्या दिवशी मी तिच्यादेखत तोललं. दहा किलो आणलेला जवस चाळल्यावर नऊ किलो सहाशे ग्रॅम भरला. तेल निघालं दोन किलो नऊशे, आणि मागे उरलेली पेंड, म्हणजे ढेप, साडेसहा किलोच्या आसपास. तेव्हा जवसाची ढेप इकडे ३५ रुपये किलोनं जात होती, म्हणजे मला सव्वादोनशे मिळाले. वीज दीड-पावणेदोन युनिट, वेळ पाऊण तास, माल माझा नाही, बाटली माझी नाही, उधारी नाही. तिला रोख द्यावी लागली नाही आणि घरच्या जवसाचं तेल भाकरी-ठेच्यावर घ्यायला मिळालं. आता ज्यांच्याकडे जनावरं आहेत ते ढेप नेतात आणि किलोमागे वीस रुपये देतात. बाकीचे ढेप ठेवून जातात.

ऐकायला सोपं वाटतं, पण भांडणं सगळी इथंच झाली. पहिलं भांडण उताऱ्याचं. लोकांच्या डोक्यात «पाच किलोला दोन किलो» असं बसलेलं असतं. जवसाला घाण्यावर किलोमागे तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर तेल सुटतं, माल ओला किंवा कचऱ्याचा असेल तर त्याहून कमी. म्हणून आता चाळणी आणि काटा दोन्ही दाराशीच ठेवलेत. चाळल्याशिवाय तोलायचं नाही, आणि मालकानं घाण्याजवळ बसायचं. चहा मी पाजतो. बसला नाही तर नंतर तो मला चोर म्हणणार हे ठरलेलं.

दुसरं, पाच किलो घेऊन आलेल्याचं काय करायचं? माझ्या उखळीत आठ किलोच्या खाली माल टाकला तर लाट, म्हणजे दाणे चिरडणारा लाकडी दांडा, नुसती फिरते, दाब धरत नाही आणि तेल ढेपेतच राहतं. दोघींचा जवस एकत्र टाकायचा तर एकीचा यंदाचा, दुसरीचा मागच्या सालचा. तेल एकत्र, तक्रार वेगळी. मी अनोळखी माणसांचा माल एकत्र करणं सोडून दिलं. आता शेजारणी, जावा, मायलेकी आपसांत ठरवूनच गाठोडी बांधून आणतात आणि तेल त्याच वाटून घेतात. त्यांच्या वाटणीत मी बोलत नाही.

तिसरं पाण्याचं. जवस कोरडा असतो. ढेप बांधावी म्हणून दळताना पाण्याचा हबका मारावा लागतो. तो जास्त झाला की पाणी तेलात राहतं आणि तेल लवकर खवट होतं. एकदा एका घरून डबा परत आला. मी ते तेल थोडं कढईत टाकलं तर तडतडलं. म्हणजे चूक माझीच होती, दुसरं भरून दिलं. तेव्हापासून तेल दोन-तीन दिवस निवळून वरचंच देतो आणि देण्याआधी चमचाभर तापवून बघतो. जवसाचं तेल तसंही फार दिवस टिकत नाही, आणि आमच्याकडचा उन्हाळा काही विचारू नका. म्हणून एकदम वीस किलो काढू नका असं मीच सांगतो. दर महिना-दीड महिन्याला दहा किलो काढा, अंधारात झाकून ठेवा. पुण्यात हेच तेल बाटलीत भरून दुकानाच्या फळीवर ठेवलं असतं तर माझा निम्मा माल परत आला असता.

आता तुमच्याबद्दल. घाणा घ्यायच्या आधी तुमच्या आणि आजूबाजूच्या पाच गावांत फिरा आणि एकच विचारा, घरात जवस, तीळ, भुईमूग किती आहे. भाव विचारू नका, «घ्याल का» विचारू नका, «हो घेऊ» सगळेच म्हणतात. कणगी दाखवा म्हणा. माझ्या साळ्यानं यवतमाळकडं माझं बघून घाणा टाकला. तिकडं सगळा कापूस आणि सोयाबीन. लोक सोयाबीनची पोती घेऊन आले, पण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के, ते लाकडी घाण्यात सुटत नाही. त्याचे कारखाने वेगळे आणि पद्धतही वेगळी. दोन महिन्यांत त्यानं तोच घाणा मला विकला. तो मी लहान उखळ बसवून ठेवला आहे, चार किलोची. आता एकटी बाई एकटं गाठोडं घेऊन आली तरी परत पाठवावं लागत नाही.