बारा सूचनांतलं एक प्रमेय

"परीक्षेच्या टिपा तर सगळेच सांगतात. त्याच टिपांमधून मुलांना हुरूप येईल असा व्हिडिओ तुम्ही कसा लिहिता?"

आधी तारीख बघते. एकदा फेब्रुवारीत दहावीला भूमिती शिकवणाऱ्या एका बाईंनी मला दोन पानं दिली. त्यात बारा सूचना होत्या: वर्षाच्या सुरुवातीपासून वेळापत्रक आखा, रोज उजळणी करा, प्रमेयांचा सराव करा, ताण घेऊ नका, वगैरे. चुकीचं काहीच नव्हतं. पण मुलं ते बघणार होती पेपरच्या तीन आठवडे आधी, आणि बहुतेक जण रात्री, घरातल्या मोठ्यांच्या फोनवर. जूनपासून वेळापत्रक आखायला हवं होतं, हे त्या वेळी ऐकणाऱ्या मुलाला एवढंच कळतं की आपलं हुकलं. त्यामुळे तीन आठवड्यांत करता येणार नाही ते सगळं मी काढून टाकलं. 'ताण घेऊ नका' हेही काढलं, कारण असं सांगून कुणाचा ताण गेलेला मी पाहिलेला नाही.

मग बाईंना विचारलं, पेपर तपासताना तुमचा जीव कुठे तुटतो? त्या लगेच म्हणाल्या, "प्रमेयात. आकृती काढतात, पक्ष-साध्य लिहितात, आणि मधलं कारणच खातात." उदाहरण प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचं निघालं. त्यात दोन त्रिकोणांची क्षेत्रफळं समान आहेत असं मुलं लिहितात, पण का समान, ते लिहीत नाहीत. पाया तोच आणि समांतर रेषांमुळे उंचीही तेवढीच, एवढंच तर ते कारण. वाचताना ते सोपं वाटतं, म्हणून डोळे त्यावरून पुढे सरकतात, आणि आपल्याला येतं असं वाटत राहतं. येत नाही हे लिहायला बसल्यावरच कळतं.

तिथेच मला व्हिडिओ सापडला. 'प्रमेयांचा सराव करा' या तीन शब्दांच्या जागी मी हे लिहिलं:

"पुस्तक मिट. कोऱ्या पानावर प्रमाणाचं मूलभूत प्रमेय लिही. आकृती, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. अडलं तर तेवढी जागा मोकळी सोड आणि पुढे जा. झालं? आता पुस्तक उघड आणि मोकळ्या जागा लाल पेनानं भर. पान जपून ठेव. परवा हेच प्रमेय नव्या पानावर लिही आणि दोन्ही पानं शेजारी ठेव."

पूर्वी मी अशा जागी 'तू हे करू शकशील' असं लिहायचे. आता लिहीत नाही. दुसऱ्या पानावरचं लाल कमी झालेलं दिसलं की मुलाला ते स्वतःच्याच अक्षरात कळतं, आणि त्याची बरोबरी माझ्या कुठल्याही वाक्याला येत नाही. कमी झालं नाही, तर नेमकी कुठली ओळ अडते ते तरी हाती लागतं, आणि ती घेऊन बाईंकडे जाता येतं. हेही मी व्हिडिओत घातलं.

भाषेची एक अडचण खास आपली आहे. 'विद्यार्थ्यांनी करावे' म्हटलं की फलकावरची सूचना वाटते, म्हणून मी 'तू' वापरते. पण 'तू घाबरतोस' लिहिलं की मुली बाहेर पडतात, आणि 'घाबरतोस किंवा घाबरतेस' असं कुणी बोलत नाही. म्हणून मी 'लिही', 'लिहिशील', 'तुला भीती वाटते' अशीच रूपं निवडते. त्यांत मुलगा-मुलगी दोघंही मावतात. 'तुम्ही' घेतलं तर अडचण सुटते, पण मग समोर अख्खा वर्ग येतो आणि रात्री एकटं बसलेलं मूल निसटतं.

एका वाक्यावरून बाईंचं आणि माझं जमेना. एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, हे मला घालायचं होतं. त्या म्हणाल्या, "आधीच नापासाची भाषा कशाला?" मला मात्र वाटतं, सगळ्यात घाबरलेलं मूल तेवढं एकच वाक्य ऐकायला थांबलेलं असतं. शेवटी ते राहिलं, पण सुरुवातीला नाही. लाल पेनाचं काम सांगून झाल्यावर, साध्या आवाजात.

मग मी संहिता दहावीतल्या दोन मुलींना मोठ्यानं वाचून दाखवली. दोन्ही वेळा प्रस्तावनेतच नजर खिडकीकडे गेली, म्हणून प्रस्तावना काढली. आता व्हिडिओ थेट 'पुस्तक मिट'पासून सुरू होतो. 'झालं?'च्या आधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं: 'इथे व्हिडिओ थांबव.' दुसऱ्या मुलीनं मला तिथेच थांबवलं आणि दप्तरातून वही काढली.